मदरबोर्ड गेला म्हणतात तेव्हा: जुना लॅपटॉप दुरुस्त करायचा की बदलायचा, याचा हिशेब

"मदरबोर्ड गेलाय. यात पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या." जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला की हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मग एकीकडे दुरुस्तीचा आकडा, दुसरीकडे नव्या लॅपटॉपची किंमत आणि मध्ये एक ऐकीव नियम उभा राहतो: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुरुस्ती करू नये, कमी असेल तर करावी. हा नियम सोपा आहे, पण मला तो धोक्याचा वाटतो. त्यात फक्त पैसे मोजले जातात. त्या पैशांत लॅपटॉप आणखी किती काळ चालेल आणि तेवढा काळ तो खरंच चालण्याची शक्यता किती, हे दोन्ही प्रश्न त्यात येतच नाहीत. या दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीवर अवलंबून असतात: बोर्डावरचं नेमकं काय बिघडलंय? म्हणून सुरुवात तिथून करू.

"बोर्ड गेला" म्हणजे काय गेलं?

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर शेकड्यांनी, काहींवर हजाराहून जास्त, सुटे भाग असतात. बोर्ड बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातला एखादा किंवा दोन-तीन भागच बिघडलेले असतात. आणि बरेचदा ते वीजपुरवठ्याच्या भागात असतात.

याचं कारण समजायला अवघड नाही. अडॅप्टरमधून 19 किंवा 20 व्होल्ट येतात. पण प्रोसेसरला साधारण 1 व्होल्ट लागतो, डीडीआर4 मेमरीला 1.2, यूएसबी पोर्टला 5 आणि इतर बऱ्याच चिपना 3.3. एकाच आलेल्या दाबातून हे सगळे वेगवेगळे दाब बोर्डलाच तयार करावे लागतात. या कामाला जे भाग जुंपलेले असतात, म्हणजे मॉस्फेट, कॉइल, कपॅसिटर आणि त्यांना नियंत्रित करणाऱ्या छोट्या चिप, ते लॅपटॉप चालू असेपर्यंत सतत तापत आणि ताण सहन करत असतात. वर्षानुवर्षं असं चाललं की एखादा दगा देतो.

समजा 19 व्होल्टच्या मुख्य लाइनवरचा एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर आतून शॉर्ट झाला. ती सगळी लाइन आता जमिनीशी, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टशी, जोडली गेली. अडॅप्टर लावला की त्याचं संरक्षण लगेच वीज तोडतं, अडॅप्टरवरचा दिवा विझतो आणि लॅपटॉप दगडासारखा निपचित पडून राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळंच संपलं. प्रत्यक्षात तांदळाच्या दाण्याहून लहान भाग बदलायचा असतो.

जाणकार कारागीर हा भाग कसा शोधतो हे माहीत असलं, तर समोरचा माणूस खरंच तपासतोय की अंदाज सांगतोय हे ओळखता येतं. तो आधी वीज बंद ठेवून मल्टिमीटरने त्या लाइनचा जमिनीशी असलेला रोध मोजतो. रोध जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट नक्की. मग तो त्या लाइनवर प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्यातून 1 व्होल्टच्या आसपासचा कमी दाब आणि मर्यादित करंट सोडतो. सगळा करंट शॉर्ट झालेल्या भागातून वाहतो, म्हणून तोच भाग तापतो. थर्मल कॅमेऱ्यात तो चमकतो. कॅमेरा नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकतात आणि कुठून ते सगळ्यात आधी उडतं ते बघतात. तो भाग काढला, रोध पुन्हा मोजला, तो वाढला, की निदान सिद्ध झालं. हे सगळं आकड्यांत दाखवता येतं. म्हणूनच "बोर्ड गेला" या उत्तरावर थांबू नये, "कुठल्या लाइनवर शॉर्ट आहे?" असं विचारावं.

शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा मॉस्फेट, बिघडलेली चार्जिंग चिप, सैल झालेला पॉवर जॅक, लॅपटॉप सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये असतो तिच्यातला खराब झालेला मजकूर: हे बिघाड जागच्या जागी राहणारे आहेत. भाग बदलला किंवा बायोस पुन्हा लिहिला की बाकीचा बोर्ड होता तसा चालतो.

दुसऱ्या जातीचे बिघाड मात्र पसरतात किंवा परत येतात. सांडलेलं पाणी किंवा चहा यात सगळ्यात वर. वीज चालू असताना ओलावा आला की त्या ओलाव्यातून धातू झिजत जातो. वरून साफ केलेला बोर्ड स्वच्छ दिसतो, पण चिपच्या पोटाखाली गंज चालूच असतो. आज एक भाग बदलला की दोन महिन्यांनी दुसरा जातो. पडल्यामुळे बोर्डाला गेलेली बारीक तडही अशीच. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला की बंद पडतो, टेबलावर ठेवला की चालतो, असं होत असेल तर हा संशय घ्यावा.

आणि तिसरा प्रकार म्हणजे खुद्द प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप जाणं. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर कायमचा डाख दिलेला असतो, काढून दुसरा बसवायची सोय नसते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बरेच जण तपासतच नाहीत. प्रोसेसरच्या लाइनवरचा, 19 व्होल्टच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर 1 व्होल्टची सवय असलेल्या प्रोसेसरमध्ये थेट 19 व्होल्ट घुसतात. मॉस्फेट बदलणं सोपं आहे, पण तोवर प्रोसेसर मेलेला असतो. प्रामाणिक कारागीर मॉस्फेट बदलण्याआधी प्रोसेसरची लाइन तपासतो. त्या लाइनचा रोध चांगल्या बोर्डावरही खूप कमी असतो, त्यामुळे कमी आकडा दिसला म्हणजे शॉर्ट, असं तिथे म्हणता येत नाही. तशाच चांगल्या बोर्डाचा आकडा माहीत असावा लागतो.

ग्राफिक्स चिप बिघडली की अनेक ठिकाणी ती गरम हवेने तापवून "दुरुस्त" करतात. स्क्रीन परत येते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. शिसं नसलेला डाख साधारण 217 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि तापवल्याने सुटलेला डाख पुन्हा जुळतो असा त्यामागचा तर्क सांगितला जातो. पण पुष्कळदा बिघाड चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या डाखात नसतोच. तो चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याच्या खालच्या पट्टीतल्या सूक्ष्म जोडांमध्ये असतो. उष्णतेने ते जोड थोडा काळ पुन्हा टेकतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, परत सुटतात. या उपायाला मी दुरुस्ती म्हणणार नाही. चिपच नवी बसवली तर गोष्ट वेगळी, पण जुन्या लॅपटॉपसाठी तो खर्च क्वचितच परवडतो.

आधी खात्री, मग हिशेब

बोर्डावर संशय घेण्यापूर्वी चार गोष्टी घरीच करून बघाव्या. दुसरा, तेवढ्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा वॉटचा अडॅप्टर लावून पाहा. अडॅप्टर काढून, बॅटरी काढता येत असेल तर तीही काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग फक्त अडॅप्टरवर चालू करा. मेमरीच्या पट्ट्या दोन असतील तर एकेक करून लावून बघा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी असेल, तर बाहेरचा मॉनिटर जोडा. त्यावर चित्र आलं तर बहुधा बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे आणि बोर्डाची चर्चाच संपली.

लॅपटॉपवर पाणी सांडलं असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. "चालू होतोय का बघू" म्हणून दाबलेलं प्रत्येक बटण गंजाला वीज पुरवतं. अडॅप्टर काढा, बॅटरी सोडवा आणि थेट कारागिराकडे न्या.

डेटा वेगळा, लॅपटॉप वेगळा

अनेक जण बोर्डाच्या दुरुस्तीला पैसे देतात ते लॅपटॉपसाठी नव्हे, आत अडकलेल्या फोटोंसाठी आणि फायलींसाठी. हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडले पाहिजेत. बहुतेक लॅपटॉपमध्ये डेटा वेगळ्या एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असतो. ती काढून यूएसबीच्या बाहेरच्या केसमध्ये बसवली की दुसऱ्या कुठल्याही संगणकावर वाचता येते. केस घेताना आपली एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा, हे तपासून घ्या. दोन्ही दिसायला सारख्या असू शकतात, पण एकीची केस दुसरीला चालेलच असं नाही.

यात दोन अडथळे येतात. पहिला, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते, म्हणून एसएसडी बाहेर काढली की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप अजून अधूनमधून चालू होत असेल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ती आजच बघून कागदावर उतरवून घ्या:

```
manage-bde -protectors -get C:
```

दुसरा अडथळा मोठा आहे. काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच डाखलेलं असतं आणि ते त्याच बोर्डावरच्या सुरक्षा चिपशी जखडलेलं असतं. अ‍ॅपलचे टी2 चिप असलेले बरेच आणि त्यानंतरचे मॅकबुक या प्रकारातले आहेत. तिथे डेटा हवा असेल तर मूळ बोर्डच जिवंत करावा लागतो, बोर्ड बदलून उपयोग नाही. अशा वेळी ती दुरुस्ती लॅपटॉपच्या किमतीशी ताडून बघू नका. तो डेटा मिळवण्याचा खर्च आहे, त्याची तुलना डेटाच्या मोलाशी करायची.

आता आकडे

किमती जागोजागी आणि दिवसागणिक बदलतात, म्हणून इथे पैशांऐवजी भाग वापरतो. तुमच्या गरजेला पुरेल असा नवा लॅपटॉप म्हणजे 100 भाग. बाकी सगळं त्याच्या तुलनेत. खालचे आकडे एका उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पद्धत मात्र तीच राहील.

उदाहरणातला लॅपटॉप 15 इंची, सात वर्षांचा आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी मेमरी, वेगळी एसएसडी. काही आठवडे अडॅप्टर लावला तरी मधूनच चार्जिंग थांबायचं, मग एक दिवस पूर्ण बंद. कारागिराने तपासून सांगितलं: मुख्य लाइनवर शॉर्ट, एक कपॅसिटर तापतोय, पाण्याची खूण नाही. बॅटरीचा अहवाल लॅपटॉप चालू असतानाच काढून ठेवला होता:

```
powercfg /batteryreport
```

या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` असे दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्याच्या जवळपास निम्मा निघाला, म्हणजे बॅटरीही लवकरच बदलावी लागणार. तिची किंमत 8 भाग धरू.

समोर पाच वाटा आहेत. फक्त बिघडलेला भाग बदलणं, 14 भाग. दुसऱ्या मोडक्या लॅपटॉपमधून काढलेला वापरलेला बोर्ड बसवणं, 28 भाग. कंपनीकडून नवा बोर्ड, 55 भाग. तपासून विकलेला, तशाच किंवा थोड्या चांगल्या ताकदीचा वापरलेला लॅपटॉप, 42 भाग. आणि नवा, 100 भाग. शेवटच्या दोन वाटांत बंद पडलेला लॅपटॉप सुट्या भागांसाठी विकून 5 भाग परत मिळतात असं धरू.

आता प्रत्येक वाटेला दोन आकडे जोडायचे. पहिला, सगळं नीट झालं तर किती वर्षं मिळतील. दुरुस्त केलेल्या सात वर्षांच्या लॅपटॉपची बिजागरं, कीबोर्ड, पंखा आणि स्क्रीनही सात वर्षांचीच आहेत, म्हणून मी त्याला अडीच वर्षांहून जास्त धरत नाही. बोर्ड कितीही नवा बसवला तरी हा आकडा वाढत नाही. दुसरा आकडा, तेवढी वर्षं खरंच मिळण्याची शक्यता.

भाग बदलण्याची वाट घेऊ. एकाच जागचा, सिद्ध झालेला बिघाड, ओलावा नाही: शक्यता 75 टक्के. अडीच वर्षांचे 75 टक्के म्हणजे साधारण 1.9 वर्षं. खर्च 14 भाग, आणि बॅटरी. बॅटरी लगेच घ्यायची नाही. दुरुस्ती टिकते असं दिसल्यावर घ्यायची, म्हणजे तिचा खर्चही शक्यतेच्या प्रमाणातच धरता येतो: 8 चे 75 टक्के, 6 भाग. एकूण 20 भाग, भागिले 1.9. दर वर्षाला साधारण 10.5 भाग.

वापरलेल्या बोर्डाची शक्यता 80 टक्के धरली तर मिळतात 2 वर्षं. खर्च बॅटरी धरून साधारण 34.4. दर वर्षाला 17 च्या थोडं वर. कंपनीच्या नव्या बोर्डाची शक्यता 90 टक्के धरली तरी वर्षं मिळतात सव्वादोन, आणि खर्च जातो 62 वर. दर वर्षाला साडेसत्तावीस.

तपासलेला वापरलेला लॅपटॉप साडेतीन वर्षं चालेल, शक्यता 90 टक्के, म्हणजे 3.15 वर्षं. खर्च 42 वजा 5, म्हणजे 37. दर वर्षाला पावणेबाराच्या आसपास. नवा लॅपटॉप सहा वर्षं, शक्यता 95 टक्के, म्हणजे 5.7 वर्षं. खर्च 95. दर वर्षाला साधारण 16.7.

आता निम्म्याचा नियम आठवा. वापरलेला बोर्ड नव्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून थोड्याच जास्त पैशांत पडतो, म्हणजे त्या नियमाने तो घ्यायलाच हवा. प्रत्यक्षात तो नव्या लॅपटॉपपेक्षाही दरवर्षी किंचित महाग पडला, आणि तपासलेल्या वापरलेल्या लॅपटॉपच्या तुलनेत तर दीडपट. मला या सगळ्या हिशेबातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. नेमका भाग बदलणं आणि अख्खा बोर्ड बदलणं, या दोन्हींना आपण "मदरबोर्डची दुरुस्ती" म्हणतो, पण हिशेबात त्या अगदी वेगळ्या बसतात. पहिलीला बरेचदा अर्थ असतो. दुसरीला जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत क्वचितच.

एक आकडा बदलला की काय होतं

या उदाहरणात पाणी सांडलेलं असतं तर? दुरुस्तीचा आकडा तोच, 14 भाग, पण टिकण्याची शक्यता मी 40 टक्क्यांवर आणली असती. मिळणारी वर्षं राहतात फक्त एक. बॅटरीचा वाटा धरून खर्च 17.2, आणि दर वर्षाला तेवढाच. त्याच कारागिराचा तोच दर, तोच लॅपटॉप, पण उत्तर उलटं. म्हणून कारागिराला सांडल्याचं लपवू नये, आणि वापरलेला लॅपटॉप घेताना आपण ते शोधावं.

ऑपरेटिंग सिस्टीमचंही असंच आहे. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 अधिकृतपणे चालवायला टीपीएम 2.0 लागतो आणि इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. उदाहरणातला लॅपटॉप सातव्या पिढीचा असता आणि तुम्हाला विंडोजच हवं असतं, तर पुढचं आयुष्य मी एका वर्षाहून जास्त धरलं नसतं. मग बॅटरी न बदलताही दर वर्षाचा खर्च 19 भागांच्या जवळ जातो. तुम्ही लिनक्स वापरत असाल किंवा वापरायला तयार असाल, तर हा मुद्दा गळून पडतो आणि अडीच वर्षं परत मिळतात.

शक्यतेचे टक्के आणायचे कुठून, हा रास्त प्रश्न आहे. थोडे बिघाडाच्या जातीवरून, आणि बाकीचे हमीवरून. हमी हा कारागिराचा स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज असतो, आणि तो चुकला तर भुर्दंड त्याला पडतो, म्हणून तो अंदाज बऱ्यापैकी खरा असतो. तीन महिन्यांची लेखी हमी देणारा 14 भाग मागत असेल आणि सात दिवसांची तोंडी हमी देणारा 9, तर मी पहिल्याकडे जाईन. सात दिवसांची हमी हे तापवलेल्या ग्राफिक्स चिपचं लक्षणही असू शकतं. तिथे सरळ विचारा: भाग बदलणार की तापवणार? आणि काढलेला भाग परत मिळेल का?

आणखी एक. दुरुस्ती जमली नाही तर किती द्यायचं, हे आधी ठरवा. फक्त तपासणीचं शुल्क द्यावं लागणार असेल तर दुरुस्तीची वाट वर दाखवली त्याहूनही स्वस्त पडते, कारण अपयशाच्या पंचवीस टक्क्यांतला बराच भाग टेबलावरच उघडा पडतो आणि त्यासाठी पूर्ण पैसे जात नाहीत.

तरीही बोर्डच बदलायचा असेल तर

काही वेळा ते योग्यही असतं. मूळ लॅपटॉप महागडा असतो, स्क्रीन आणि बॅटरी उत्तम असते, वय तीन-चार वर्षांचं असतं आणि प्रोसेसर मेलेला असतो. तेव्हा मिळणारी वर्षं चार धरता येतात आणि हिशेब फिरतो. पण लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर बोर्ड मागवू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रोसेसरचे, वेगळी ग्राफिक्स चिप असलेले आणि नसलेले बोर्ड निघालेले असतात. वेगळ्या ग्राफिक्स चिपच्या बोर्डला हीटसिंकही वेगळा लागतो. स्क्रीनच्या केबलची जोडणी काही बोर्डांवर 30 पिनांची तर काहींवर 40 पिनांची असते. म्हणून जुळवायचा तो मॉडेल क्रमांक नव्हे, तर बोर्डावर छापलेला क्रमांक, आणि तोही शेवटच्या आवृत्तीच्या अक्षरांसकट.

वापरलेल्या बोर्डावर आधीच्या मालकाचा बायोस पासवर्ड किंवा एखाद्या संस्थेचं दूरस्थ कुलूप असू शकतं. ते आधी तपासून घ्या. लॅपटॉपसोबत आलेला विंडोजचा परवानाही जुन्या बोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे नव्या बोर्डावर तो पुन्हा सक्रिय करावा लागतो आणि तो होईलच याची खात्री नसते. बिटलॉकर चालू असेल तर इथेही तीच 48 अंकी की लागेल.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात

दुरुस्त होऊन आलेला लॅपटॉप चालू झाला म्हणून निवांत होऊ नका. काउंटरवर पाच मिनिटं चालणं ही परीक्षा नाही. हमी शिल्लक असताना त्याला मुद्दाम ताण द्या. बॅटरी 20 टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि काम करत करत ती 100 पर्यंत चार्ज करा. चार्जिंग आणि प्रोसेसर दोन्हींचा भार एकदम आला की कमकुवत वीजलाइन तेव्हाच उघडी पडते. तासभर व्हिडिओ कॉल चालवा. दिवसातून काही वेळा लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवा, कारण 3.3 आणि 5 व्होल्टच्या कायम चालू राहणाऱ्या लाइन बिघडलेल्या असतील तर तो झोपेतून उठत नाही. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा. एका कोपऱ्याला धरून हळूच उचला. यातल्या कशानेही तो बंद पडला तर त्याच दिवशी परत न्या, आणि काय करत असताना बंद पडला ते लिहून द्या. कारागिराला त्या एका ओळीतून कुठली लाइन तपासायची हे कळतं. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं तरी नवी बॅटरी हमी संपत आल्यावरच मागवा.